क्रियापद शेवटी असलं की मराठी जड जाते का? अंतर, अपेक्षा आणि एक प्रयोग

प्रश्न: मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांच्यात नेहमीच अंतर जास्त. जोडायचे शब्द जितके दूर तितकं वाक्य जड, हा डिपेन्डन्सी लोकॅलिटीचा सिद्धान्त खरा असेल तर मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा जड जायला हवं ना? एम.ए.च्या प्रबंधासाठी फोंड्यातल्या मराठी वाचकांवर हे तपासायचं आहे. प्रयोग कसा मांडू?

उत्तर:

नाही, सिद्धान्त तसं म्हणत नाही. एडवर्ड गिब्सन यांची २००० सालची मांडणी एका भाषेची दुसरीशी तुलना करत नाही. एखाद्या शब्दापाशी वाचकाच्या कार्यस्मृतीवर किती भार येतो, एवढंच ती सांगते. शब्द वाचताना तो आधीच्या ज्या शब्दांशी जोडायचा, त्यांच्यामध्ये जितके नवे नामार्थ आणि नव्या घटना येऊन गेल्या असतील तितकी जोडणी महाग. शिवाय तो शब्द स्वतः नवी व्यक्ती, वस्तू वा घटना आणत असेल तर त्याचा खर्च एक, वेगळा धरायचा. म्हणून तुलना एकाच भाषेत, एकाच क्रियापदापाशी, अंतर बदलून करायची. मराठीच्या ‘घेतली’ची वेळ इंग्रजीच्या ‘टुक’शी ताडून काहीच कळणार नाही.

भाषाप्रकाराचा फरक येतो तो मधले शब्द काय सांगतात यात. इंग्रजीत ‘द वुमन फ्रॉम द व्हिलेज सोल्ड द फिश’ या वाक्यात कर्ता आणि ‘सोल्ड’ यांच्यामध्ये ‘फ्रॉम द व्हिलेज’ आहे. बाई कुठली ते कळलं, पण पुढे कोणतं क्रियापद येणार याचा त्यातून जवळजवळ काहीच पत्ता लागत नाही. भार वाढला, मोबदला मिळाला नाही. कर्म तर क्रियापदाला चिकटूनच येतं, त्यामुळे तिकडे खर्च नाही. ग्रोडनर आणि गिब्सन यांना २००५ साली इंग्रजीत अशाच रचनांमध्ये, कर्ता आणि क्रियापद दूर गेल्यावर, क्रियापदावर वाचक रेंगाळताना दिसले.

मराठीत ‘बाईने गिऱ्हाइकाला मासे’ इथपर्यंत आलात की ‘ने’मुळे सकर्मक आणि बहुतेक भूतकाळी क्रियापद ठरलं, ‘ला’मुळे घेणारा ठरला, ‘मासे’मुळे वस्तू ठरली. उरली ‘विकले, दिले, दाखवले’ अशी मोजकी क्रियापदं. इथे मधला प्रत्येक शब्द भार टाकतो, पण शक्यताही छाटतो. म्हणून क्रियापदान्त भाषांत लांब अंतरानंतर क्रियापद उलट पटकन वाचलं जातं असं पुन्हा पुन्हा आढळलं आहे: कोनिएच्नी यांना जर्मनमध्ये २००० साली, वसिष्ठ आणि ल्युइस यांना हिंदीत २००६ साली. रॉजर लेव्ही यांची २००८ सालची अपेक्षेची मांडणी याचं नेमकं भाकीत करते. शब्दाचा खर्च म्हणजे त्याची अनपेक्षितता, `-log2 P(शब्द | आधीचे शब्द)`.

तुमच्या प्रबंधाला मी सुचवीन तो प्रश्न असा: अपेक्षा अगदी पक्की असेल तर अंतराचा भार नाहीसा होतो का? हुसेन, वसिष्ठ आणि श्रीनिवासन यांनी २०१४ साली हिंदीत ‘काळजी घेणं’सारखी नाम आणि क्रियापद मिळून झालेली संयुक्त क्रियापदं घेऊन हेच विचारलं होतं. नाम वाचताच क्रियापद ठरतं तिथे अंतराचा त्रास त्यांना दिसला नाही. सफवी आणि सहकाऱ्यांना २०१६ साली फारसीत मात्र पक्क्या अपेक्षेतही तो दिसला. फारसीही क्रियापदान्तच, त्यामुळे ‘क्रियापद शेवटी म्हणून अंतर माफ’ असा नियम मांडता येत नाही. मराठीला इथे एक सुंदर जोडी आयती मिळते: ‘मुलाची काळजी घेतली’ आणि ‘मुलाची पिशवी घेतली’. दोन्ही नामं स्त्रीलिंगी, दोन्ही तीन अक्षरांची, क्रियापदाचं रूप तेच. फरक इतकाच की ‘शेजारणीने मुलाची काळजी’नंतर ‘घेतली’ जवळपास ठरलेलं असतं, आणि पिशवी उचलली, उघडली, भरली, धुतली असं काहीही होऊ शकतं.

आता अंतर वाढवायचं, आणि इथेच बहुतेक प्रयोग फसतात. सहज सुचणारा मार्ग म्हणजे मध्ये शब्द घालणं. पण सेल्फ-पेस्ड रीडिंगमध्ये, म्हणजे बटण दाबत एकेक शब्द वाचायच्या प्रयोगात, वाचक वाक्याच्या शेवटाकडे सरकतो तसतसं बटण भराभर दाबतो. लांब वाक्यात क्रियापद सातव्याऐवजी दहाव्या जागी आलं तर ते केवळ जागेमुळे लवकर वाचलं जाईल आणि तुम्ही त्याला अपेक्षेचा विजय समजाल. म्हणून शब्द वाढवू नका, हलवा:

जवळ: काल म्हापशाचा बाजार आटोपल्यावर शेजारणीने मुलाची पिशवी मुद्दाम घेतली आणि मग ती घरी गेली.

लांब: काल शेजारणीने मुलाची पिशवी म्हापशाचा बाजार आटोपल्यावर मुद्दाम घेतली आणि मग ती घरी गेली.

हीच दोन वाक्यं ‘काळजी’ घालून. चारही वाक्यांत क्रियापद नवव्या जागी, त्याआधी ‘मुद्दाम’, नंतर ‘आणि मग ती’. आधीच्या शब्दाचा रेंगाळा पुढच्या शब्दावर सांडतो, म्हणून आधीचा शब्द सारखा हवा. आणि क्रियापदाचा परिणाम बरेचदा एक शब्द उशिरा, ‘आणि’वर दिसतो, म्हणून नंतरचाही.

गिब्सन यांच्या पद्धतीने ‘घेतली’चा खर्च मोजू. जवळच्या वाक्यात: घेणं ही नवी घटना १, पिशवीशी जोडणी ०, शेजारणीशी जोडणी मध्ये मुलगा आणि पिशवी म्हणून २. एकूण ३. लांबच्या वाक्यात म्हापसा, बाजार आणि आटोपणं हे तीन नवे अर्थ मध्ये घुसतात: घटना १, पिशवी ३, शेजारीण ५. एकूण ९. पण सावध राहा. ‘आटोपल्यावर’सुद्धा ‘घेतली’लाच जोडायचं आहे, आणि जवळच्या वाक्यात ते शेजारीण, मुलगा, पिशवी या तिघांच्या पलीकडे गेलं. तीही जोडणी धरली तर हिशेब ६ विरुद्ध ९ होतो. दिशा तीच, पण फरक सहाचा तीन झाला. प्रबंधात दोन्ही आकडे द्या. (‘काळजी’ ही स्वतंत्र वस्तू नाही, ती मोजू नये असं कोणी म्हणेल. न मोजल्यास पहिला हिशेब २ आणि ८ होतो, फरक सहाच राहतो.)

या मांडणीची किंमतही आहे. दोन्ही वाक्यांत क्रियापदापर्यंत तेच शब्द वाचून झालेले असतात, फक्त क्रम वेगळा. त्यामुळे अंतराने अपेक्षा वाढायला फारसा वाव उरत नाही. म्हणजे हा प्रयोग भार तपासतो, ‘लांब म्हणून सोपं’ हे तपासू शकत नाही. माझ्या मते प्रबंधासाठी हेच बरं, कारण इथे तीन स्पष्ट भाकितं समोरासमोर उभी राहतात. निव्वळ अंतराचा सिद्धान्त: दोन्ही नामांना सारखाच त्रास. हिंदीवरचा निष्कर्ष: ‘पिशवी’ला त्रास, ‘काळजी’ला नाही. तिसरं फुट्रेल, गिब्सन आणि लेव्ही यांच्या २०२० सालच्या मांडणीतून निघतं. स्मृतीत मागचं पुसट होत जातं आणि वाचक त्या पुसट आठवणीवरून अंदाज बांधतो. तसं असेल तर ज्या दोन शब्दांची जोडी घट्ट, त्यांनाच ताटातुटीचा फटका अधिक, म्हणजे ‘काळजी’ला जास्त त्रास.

‘काळजी’ची अपेक्षा पक्की आहे हे गृहीत धरू नका, मोजा. चारही वाक्यं ‘मुद्दाम’पर्यंत छापून, प्रयोगात न येणाऱ्या वाचकांकडून पुरी करून घ्या. समजा ४० पैकी ३२ जणांनी ‘घेतली’ लिहिलं, तर संभाव्यता ०.८ आणि अनपेक्षितता सुमारे ०.३२ बिट. सहाच जणांनी लिहिलं तर ०.१५ आणि सुमारे २.७४ बिट. ‘घ्यायची’, ‘घ्यावी’ अशी उत्तरं येतील. ती धातू म्हणून एकत्र आणि रूप म्हणून वेगळी, अशी दोनदा मोजा. मधल्या शब्दांनी अपेक्षा भलतीकडे वळत नाही ना हेही इथेच कळतं. ‘मुद्दाम’च्या जागी ‘म्हापशाहून येताना’ असतं तर पिशवीनंतर लोकांनी ‘आणली’ लिहिलं असतं. आणि ‘काळजी’ असलेलं लांब वाक्य अनेकांना अवघडलेलं वाटेल, म्हणून स्वाभाविकतेचे गुणही वेगळे घ्या.

हे वाचक गोव्यातलेच हवेत. घरी कोंकणी, शाळेत मराठी, कामाला इंग्रजी अशा वाचकाची अपेक्षा पुण्याच्या वर्तमानपत्रांच्या शब्दसंग्रहावरून काढू नये. कोंकणीतही क्रियापद शेवटीच, त्यामुळे त्या बाजूने मोठा धोका नाही. इंग्रजीची सवय मात्र नोंदवा. फ्रँक, ट्रॉम्पेनार्स आणि वसिष्ठ यांनी २०१६ साली दाखवलं की डच लोक इंग्रजी वाक्यं वाचताना इंग्रजी भाषकांसारखे वागतात आणि डच वाचताना तसे वागत नाहीत. वाचकाची स्मृती तीच, बदलते ती त्या त्या भाषेची सवय. म्हणून प्राथमिक शाळेचं माध्यम आणि रोजचं मराठी वाचन किती, हे दोन प्रश्न सगळ्यांना विचारा.

आकड्यांचं आधीच सांगतो, नाहीतर शेवटी निराशा होते. ३२ वाक्यसंच, प्रत्येकाची चार रूपं चार याद्यांत फिरवलेली, आणि निदान दुप्पट भरीची वाक्यं. ६० वाचक घेतलेत तर प्रत्येक स्थितीत ४८० नोंदी येतात. उरलेलं विचलन २५० मिलिसेकंद धरलं तर अंतराच्या परिणामाची प्रमाण त्रुटी साधारण ११, आणि तुम्हाला हवा तो अंतर व अपेक्षा यांचा परस्परपरिणाम साधारण २३ मिलिसेकंद त्रुटीने मिळेल. खरा फरक २० मिलिसेकंद असेल तर तो या त्रुटीतच बुडतो. त्यामुळे वाचक जमतील तितके वाढवा, आणि ‘परिणाम आढळला नाही’ असं न लिहिता अंदाज व त्याची व्याप्ती द्या.

विश्लेषणात अंतर म्हणजे `dist` आणि अपेक्षा म्हणजे `pred` दोन्ही -0.5 आणि +0.5 असे अंकांत टाका:

```r
m <- lmer(log(rt) ~ dist * pred +
          (1 + dist * pred || subj) +
          (1 + dist * pred || item), data = d)
```

हे एकदा ‘घेतली’वर आणि एकदा ‘आणि’वर चालवा, दोन्ही आधीच ठरवून. वाक्यानंतरचा प्रश्न ‘बाजार कुठला?’ असा नको, ‘पिशवी कोणी घेतली?’ असा हवा. ज्या वाचकाने ती जोडणी केलीच नाही, त्याचा वेग लांबच्या वाक्यात फसवा चांगला दिसतो, आणि तो पकडायचा हा एकच सोपा मार्ग आहे.