आन्सर की जुळत नाही तेव्हा: डीआयच्या शीटवरचा एक अनुभव

"ताई, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. टेबलवाले डीआयचे प्रश्न सोडवते, फॉर्म्युला पाठ आहे, तरी निम्मी उत्तरं आन्सर कीशी जुळत नाहीत. पुन्हा सोडवलं तरी तेच उत्तर येतं. मला गणित जमणारच नाही का?"

मागे आमच्या बडोद्याचाच, दांडिया बाजारातला एक मुलगा जवळजवळ हेच घेऊन आला होता, त्याच्या परवानगीने नाव न देता सांगते. घरच्यांना वाटत होतं त्याचं लक्ष लागत नाही. मी म्हटलं ते नंतर बघू, आधी ती शीट आण आणि रफ वर्कचा कागदपण आण, कारण चूक उत्तरात दिसत नाही, रफमध्ये दिसते.

शीटवर छापील टेबल होतं, दोन दुकानांची तीन वर्षांची विक्री, हजार रुपयांत. पहिलं दुकान २०२१ ला २४०, २०२२ ला ३००, २०२३ ला २७०. दुसरं १६०, २००, २५०. पहिला प्रश्न, पहिल्या दुकानाची विक्री २०२१ ते २०२२ किती टक्के वाढली. त्याचं उत्तर २०, कीमध्ये २५. पुढचा प्रश्न, २०२२ ते २०२३ किती टक्के घट, त्याचं १० आणि कीमध्येही १०. रफ बघितलं तर पहिल्यात ६० भागिले ३०० आणि दुसऱ्यात ३० भागिले ३००, म्हणजे हा दोन्ही वेळा मोठ्या आकड्याने भागत होता. घट असली की मोठा आकडा आधीच्याच वर्षाचा असतो म्हणून उत्तर बरोबर येतं, वाढ असली की चुकतं, म्हणून तर निम्मी जुळत होती! आणि पुन्हा सोडवताना तीच सवय सोबत, मग वेगळं उत्तर येणार कुठून.

म्हणून मी त्याला पुन्हा सोडवू दिलंच नाही, उत्तरावरून उलटं टेबलकडे जायला सांगितलं. तू म्हणतोस २० टक्के वाढ, मग २४० चे २० टक्के काढ. ४८. २४० अधिक ४८ किती, २८८. टेबलमध्ये २८८ आहे का? नाही, ३०० आहे. आता २५ लावून बघ, २४० चे २५ टक्के ६०, बेरीज ३००, बसलं. ज्या वर्षापासून बदल मोजायचा, म्हणजे प्रश्नात "२०२१ ते" असं जे पहिलं येतं, त्याच आकड्याने भागायचं, मग तो लहान असो की मोठा.

रेशोचं प्रकरण वेगळं निघालं. पहिल्या दुकानाची २०२१ आणि २०२२ ची मिळून विक्री आणि दुसऱ्याची २०२२ आणि २०२३ ची मिळून विक्री, यांचं गुणोत्तर विचारलं होतं. त्याने ५४० : ३६० घेऊन ३ : २ लिहिलं. तिरका गुणाकार करून बघितला तर ५४० दुणे १०८० आणि ३६० त्रिक १०८०, म्हणजे पडताळा पास, तरी उत्तर चूक, कारण दुसऱ्या दुकानाचे त्याने २०२१ आणि २०२२ चे आकडे उचलले होते. तिरक्या गुणाकाराने फक्त संक्षेप बरोबर झाला का एवढंच कळतं, आकडा चुकीच्या रकान्यातून आला तर तो काही सांगत नाही. तिथे आधी ओळीखाली पट्टी धरायची, प्रश्नातला एकेक शब्द वाचत पेन्सिलने टेबलमध्येच त्या त्या आकड्याला गोल करायचा आणि मगच बेरीज. ५४० : ४५०, म्हणजे ६ : ५. ज्याचं नाव प्रश्नात आधी तो आकडा आधी, हेही तेव्हाच बघून घ्यायचं, नाहीतर ५ : ६ लिहून मोकळे होतो आपण.

आणि एका ठिकाणी मात्र कीच चुकलेली होती. २०२१ ते २०२३ पहिल्या दुकानाची वाढ किती, नव्या पद्धतीने त्याचं उत्तर आलं १२.५, कीमध्ये १५. पोरगा लगेच खोडायला निघाला, मी थांबवलं. २४० चे १५ टक्के ३६, बेरीज २७६, टेबलमध्ये २७०. १२.५ टक्के म्हणजे ३०, बेरीज बरोबर २७०. की बनवणाऱ्याने २५ मधून १० वजा केलेले दिसत होते, पण ते २५ टक्के २४० वरचे आणि १० टक्के ३०० वरचे, त्यांची अशी सरळ वजाबाकी होत नाही.

तर तू न जुळलेले प्रश्न दोन ढिगांत टाक, वाढीचे वेगळे आणि घटीचे वेगळे. चुका नुसत्या वाढीच्या ढिगात असतील तर तुझंही भागायचंच चुकतंय. दोन्हीकडे असतील तर पेन्सिल घेऊन रकाने तपास, आणि उलटं करूनही तुझंच उत्तर टेबलला बसत असेल तर ते खोडू नकोस, हाच पडताळा बाजूला लिहून क्लासच्या सरांना दाखव.