+ चा − झाला की क्रम कोणता धरायचा?

प्रश्न: "+ म्हणजे −, − म्हणजे + असं दिलं असेल तर आधी चिन्हं बदलायची की आधी सोडवायचं? माझं उत्तर क्लासच्या उत्तरसूचीशी जुळतच नाही."

आधी चिन्हं बदला. सगळी एकदम बदला, नवी ओळ स्वच्छ कागदावर उतरवा आणि जुनी ओळ हाताखाली झाका. मग नव्या चिन्हांवर क्रम लावा. उत्तरसूचीशी जुळत नाही म्हणून स्वतःला चूक ठरवू नका. सूचीही चुकते, आणि ती कुठे चुकते हे मला चांगलं माहीत आहे.

माझी पुतणी नाशिकला पोलीस भरतीची तयारी करत होती. सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर धावायची, दुपारी अशोक स्तंभाजवळच्या एका क्लासला जायची. एका संध्याकाळी सिडकोतल्या आमच्या घरी ती सराव पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, हे बघ ना, मला ४१ येतंय आणि सूचीत ५ आहे." मी शाळेच्या मुलांना गणित शिकवते, म्हणून घरात असले कागद माझ्याकडेच येतात. उदाहरण असं होतं: + म्हणजे − आणि − म्हणजे +, तर

४० + १२ − ६ × ३ + ५ = ?

चिन्हं बदलली की ओळ होते ४० − १२ + ६ × ३ − ५. गुणाकार आधी, म्हणजे ४० − १२ + १८ − ५. आता डावीकडून उजवीकडे: २८, मग ४६, मग ४१. पोरीचं बरोबर होतं.

सूचीतलं ५ कसं आलं तेही लगेच दिसलं. करणाऱ्याने १२ + १८ आधी मिळवले, ३० आले, मग ४० − ३० − ५. शाळेत क्रमासाठी पाठ केलेल्या कंचेभागुबेव या शब्दात बेरजेचा "बे" आधी आणि वजाबाकीचा "व" नंतर, म्हणून बेरीज आधी! तिचे वडील, म्हणजे माझे दीर, तिथेच बसले होते. ते अंबडला कंपनीत आहेत आणि आकडेमोडीत पक्के आहेत. ते म्हणाले, "वहिनी, नियम म्हणजे नियम. बेरीज आधीच करायची, आम्हाला शाळेत असंच शिकवलंय. क्लासवाले चुकतील का?"

मी म्हटलं, "भाऊजी, खिशात ४० रुपये आहेत. १२ खर्च झाले, १८ कुणी परत दिले, ५ खर्च झाले. किती उरले?" ते म्हणाले, "४१. पण ते व्यवहारात, परीक्षेत नाही." हे वाक्य मला अजून लागतं. परीक्षेसाठी वेगळी बेरीज असते असं मुलांना वाटू लागलं की पुढे काहीच शिकवता येत नाही.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो खरंच चांगला होता: "बे आधी हे खोटं असेल, तर भागाकार आधी, गुणाकार नंतर हेही खोटंच की!" नियम तिथेही तोच आहे. भागाकार-गुणाकार एका पायरीवर, बेरीज-वजाबाकी एका पायरीवर, आणि एका पायरीवरची कामं डावीकडून उजवीकडे. पण भागाकार आधी केला तरी तिथे काही बिघडत नाही. २४ ÷ ४ × २ मध्ये भागाकार आधी केला तर ६ × २ = १२, आणि तेच बरोबर. ६ × ८ ÷ ४ मध्ये भागाकार आधी केला तर ६ × २ = १२, तेही बरोबर. बिघडतं ते गुणाकार आधी केल्यावर, आणि कंचेभागुबेव तसं करायला सांगतच नाही.

बेरीज-वजाबाकीत मात्र उलट झालं आहे. ज्या क्रमाने नुकसान होतं, नेमका तोच क्रम त्या शब्दात पाठ होतो. १० − ४ + ३ याचं उत्तर ९. "बे आधी" धरलं तर १० − ७ = ३. वजाबाकी आधी केली असती तर निदान ९ तरी आलं असतं. शाळेत ही चूक सहसा उघडी पडत नाही, कारण ४० + १२ − १८ अशा मांडणीत बेरीज आधी केली तरी ३४ येतात. पण + आणि − यांची अदलाबदल झाली की वजाबाकी पुढे येते, बेरीज तिच्या मागे जाते आणि इतकी वर्षं लपलेली चूक बाहेर पडते. तुम्हाला गोंधळ नेमका याच प्रकारात वाटतोय, त्याचं कारण माझ्या मते हेच.

पर्यायही अशाच चुकांतून तयार होतात. वरच्या उदाहरणात चिन्हं एकामागून एक बदलली, म्हणजे आधी सगळे + चे − केले आणि मग सगळे − चे +, तर सगळीकडे + च उरतो आणि ७५ येतं. गुणाकाराकडे न बघता सरळ डावीकडून गेलात तर ९७. चिन्हं बदलायलाच विसरलात तर ३९. म्हणून आपलं उत्तर पर्यायांत सापडलं, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

पडताळा मी पुतणीला शिकवला तो तुम्हालाही देते. फक्त + आणि − बदलले असतील तर मूळ ओळीचं उत्तर आणि नव्या ओळीचं उत्तर यांची बेरीज पहिल्या संख्येच्या दुप्पट येते. मूळ ३९, नवं ४१, बेरीज ८०, म्हणजे ४० ची दुप्पट. पहिल्या संख्येनंतरचं सगळं एकदा मिळवलं जातं आणि एकदा वजा होतं, म्हणून ते उडून जातं. ५ घेऊन बघा, ३९ आणि ५ मिळून ४४ होतात. भाऊजींना हे दाखवलं तेव्हा ते गप्प झाले, पण "क्लासमध्ये ५ च लिही" असं मुलीला सांगूनच उठले. मला ते अजिबात पटलं नाही. पेपर तपासणारा क्लासवाला नसतो. परीक्षा घेणारे अंतरिम उत्तरसूची लावून आक्षेप मागवतात, तेव्हा तुमच्या हातात अशी मांडणी असायला हवी.

हा पडताळा कंस असेल तर चालत नाही, कारण कंसातली चिन्हंही बदलतात. ओळ ६ × ३ ने सुरू होत असेल तर दुप्पट ६ ची नव्हे, १८ ची. आणि + च्या जागी × येत असेल तर तो वापरूच नका, तिथे पायऱ्याच बदलतात: + आणि × यांची अदलाबदल असताना ५ × ४ + ३ ची ओळ ५ + ४ × ३ होते आणि उत्तर १७ येतं. जुन्या ओळीतला गुणाकार डोळ्यांसमोर ठेवून जो ५ आणि ४ आधी एकत्र करतो त्याला २७ येतं, आणि तोही पर्याय खाली छापलेला असू शकतो.