निळा टॅग, हिरवा टॅग आणि ‘माणसाने लिहिलेला’ लेख

प्रश्न: मी दोन-तीन मराठी न्यूजलेटरची वर्गणी भरते. हल्ली लेखाखाली ‘हा लेख माणसाने लिहिला आहे’ असं छापलेलं दिसतं. प्रकाशकांनी असं लेबल लावावं का? आणि लावलंच तर ते खरं आहे हे तपासायचं कसं?

लावावं. पण तयार लेख वाचून किंवा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून ते लेबल तपासता येईल, ही आशा सोडा. तपासायचं ते हे की लेख तयार कसा झाला, आणि ते काम प्रकाशकालाच आधीपासून करत यावं लागतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातून कापूस, सोयाबीन आणि तुरीवर एक पाक्षिक न्यूजलेटर काढतो. लिहिणारे सहा-सात जण आहेत, सगळे आजूबाजूच्या गावांतले. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर बियाण्याच्या पिशवीसारखा येतो. जूनमध्ये आमच्याकडचा कास्तकार कृषी केंद्रात गेला की आधी टॅग बघतो. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं. हिरवा म्हणजे सत्यप्रत, म्हणजे आत काय आहे ते कंपनीनेच लिहून दिलेलं. सोयाबीनचा दाणा तळहातावर घेऊन वाण कोणता हे छातीठोकपणे सांगणं कठीण. म्हणून निळ्या टॅगसाठी बीज प्रमाणीकरण यंत्रणेचा माणूस बीजोत्पादनाच्या वावरात येतो. तिचं मुख्यालय आमच्या विदर्भातच, अकोल्याला आहे. तो माणूस पीक फुलावर असताना फुलाचा रंग बघतो, झाडाची ठेवण बघतो, भेसळीची झाडं उपटायला लावतो. नंतर नमुना प्रयोगशाळेत जातो आणि सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांखाली आली तर टॅग मिळत नाही. हिरव्या टॅगलाही किंमत आहे, कारण पिशवीवर लिहिलं त्याहून आत वेगळं निघालं तर कंपनीवर कारवाई होऊ शकते. पण वावरात कोणी आलेलं नसतं.

‘माणसाने लिहिला आहे’ ही जवळजवळ सगळी लेबलं आज हिरवी आहेत. अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ‘ह्यूमन ऑथर्ड’ हे चिन्ह सुरू केलं, तेही मुळात लेखकाच्या शब्दावरच चालतं. लेखक करारावर सही करतो, पुस्तकाची नोंद सगळ्यांना बघता येईल अशा यादीत होते, आणि शुद्धलेखन तपासण्यासारखी किरकोळ मदत चालते. ते चिन्ह खोटं वापरलं तर संघटना कारवाई करू शकते. हिरव्या टॅगमध्ये हा चांगला टॅग म्हणायचा, कारण खोटं बोलणाऱ्याला काहीतरी गमवावं लागतं. लेखाखाली नुसती एक ओळ टाकणाऱ्याचं काहीच जात नाही.

दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून लेबल लावलं की काय होतं, हे २०२३ मध्ये दिसलं. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या जुन्या अमेरिकी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर अस्तित्वातच नसलेल्या लेखकांची नावं आणि यंत्राने बनवलेले फोटो सापडले. ते लेख बाहेरच्या पुरवठादाराकडून घेतलेले होते. प्रकाशकांचा खुलासा असा होता की सगळे लेख माणसांनीच लिहिले आणि संपादित केले, अशी खात्री पुरवठादाराने दिली होती. म्हणजे वावरात कोणीच गेलेलं नव्हतं.

आता सॉफ्टवेअरचं बघू. लेख टाकला की ‘इतके टक्के एआय’ असं सांगणारी साधनं बऱ्याचदा दोन गोष्टी बघतात: पुढचा शब्द किती अंदाजाने येतो आणि वाक्यांची लांबी किती एकसारखी आहे. सरळ, ठरीव भाषा लिहिणारा माणूस त्यात अडकतो. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असं साधन दिलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्राने लिहिलेल्या इंग्रजी मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर खोटा ठपका ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे निम्म्याहून जास्त निबंध सरासरीने यंत्राचे ठरले. मराठीत या साधनांवर मी अजिबात भरवसा ठेवत नाही, आणि त्याचं कारण माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सप्टेंबरमधल्या एका अंकासाठी गुलाबी बोंडअळीवर दोन लेख आले. पहिला एका निवृत्त कृषी सहायकांचा. चाळीस वर्षं परिपत्रकं लिहिलेला हात. ‘शेतकरी बंधूंनी खालीलप्रमाणे दक्षता घ्यावी’ अशी त्यांची भाषा. दुसरा एका तरुणाचा, मोकळा, गप्पा मारल्यासारखा. एका साधनात दोन्ही टाकून बघितले. काकांचा लेख यंत्राचा निघाला, तरुणाचा माणसाचा.

मी दोघांना फोन केला आणि एकच गोष्ट विचारली: सापळे कुठे लावले होते, आणि पतंग मोजले का? काका म्हणाले, थांबा, वही आणतो. गावाचं नाव, वावराचा मालक, एकरी दोन कामगंध सापळे, त्यात पतंगांना ओढणारी गंधाची गोळी कोणत्या सापळ्यात कधी बदलली, आणि रोज सकाळचे आकडे: पाच, नऊ, अकरा, आठ. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात, म्हणून त्यांनी चौथ्या दिवशी वावरात जाऊन डोमकळ्याही, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलंही, मोजली होती. वहीच्या त्या पानाचा फोटो त्यांनी लगेच पाठवला. एका आकड्यावर चहाचा डाग होता.

तरुण आधी गप्प राहिला. मग म्हणाला, “नाही जी भाऊ, मी वावरात नव्हतो गेलो. मोबाइलवर लिहून घेतलं अन् आपल्या बोलीत करून टाकलं.” त्याच्या लेखात सापळ्यात पतंग दिसताच फवारणी करा असं होतं. एका-दोन पतंगांवर फवारणी करायला लावणारा सल्ला म्हणजे कास्तकाराच्या खिशातून गेलेले पैसे आणि वावरातल्या मित्रकिडींचाही नाश. लेख छापला नाही. मुलगा हुशार आहे. पुढच्या महिन्यात त्याला काकांबरोबर सापळे मोजायला पाठवलं.

यातून मी लेबलाचे शब्दच बदलले. ‘माणसाने लिहिला’ हा दावा फार सैल आहे. आमचे अर्धे लेखक मोबाइलला बोलून टाइप करतात, कोणी इंग्रजी पत्रक यंत्राकडून भाषांतरित करून वाचतात, शुद्धलेखन तर यंत्रच सुधारतं. यातलं कुठपर्यंत माणसाचं म्हणायचं? त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा आम्ही काय केलं तेच लिहितो. काकांच्या लेखाखाली असं छापलं: ‘आकडे लेखकाने स्वतः वावरात मोजले, वही संपादकाने पाहिली. मजकूर लेखकाचा, शुद्धलेखन यंत्राने तपासलं. चूक निघाल्यास जबाबदार: संपादक,’ आणि पुढे माझं नाव व फोन. यातलं प्रत्येक वाक्य खोटं ठरवता येतं, आणि ज्याला खोटं ठरवता येतं त्याच वाक्याची तपासणी होऊ शकते. छापील वर्तमानपत्राच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात ती याचसाठी. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यातही सार्वजनिक हिताच्या विषयावर लोकांना माहिती देणारा मजकूर यंत्राने तयार केला असेल तर तसं सांगण्याची अट आहे, पण माणसाने तो तपासला असेल आणि कोणीतरी संपादकीय जबाबदारी घेतली असेल तर त्यातून सूट आहे.

तपासणी आम्ही अशी करतो. प्रत्येक लेखाबरोबर कच्चा माल घेतो: वहीचं पान, बोलण्याचं रेकॉर्डिंग, पहिला खर्डा. सगळ्यांचं सगळं बघायला मला वेळ नाही, म्हणून दर दहा लेखांतला एक चिठ्ठी काढून निवडतो आणि त्या लेखकाला न सांगता फोन करतो. एकदाच फसवणारा यातून बहुधा निसटतो. पण दहा लेख फसवून लिहिणाऱ्याचा एक तरी लेख चिठ्ठीत निघण्याची शक्यता ६५ टक्के आहे, वीस लिहिणाऱ्याची ८८. नियमित फसवणारा टिकत नाही, आणि वाचकांचं खरं नुकसान तोच करतो.

यालाही पळवाटा आहेत. खर्ड्याच्या आवृत्त्यांचा इतिहास बनवता येतो. यंत्राचा मजकूर समोर ठेवून हळूहळू टाइप केला की गुगल डॉक्समध्ये तो माणसासारखाच दिसतो. म्हणून एकट्या इतिहासावर मी लेबल देत नाही, त्याला वहीची किंवा बोलण्याची जोड लागते. डिजिटल सहीने लेख कोणी प्रसिद्ध केला आणि नंतर बदलला का, एवढंच सिद्ध होतं. लिहिला कोणी हे नाही. यंत्राच्या मजकुरात लपवलेली खूण, जशी गुगल आपल्या सिंथआयडी नावाच्या तंत्राने टाकतं, ती सापडली तर उपयोगी आहे. पण मजकूर दुसऱ्या शब्दांत लिहिला किंवा भाषांतर केला की ती पुसट होते, आणि खूण नाही म्हणून लेख माणसाचा असं म्हणता येत नाही. कविता, ललित लेख किंवा निव्वळ मतांच्या लेखाला माझी पद्धत लागू पडत नाही; तिथे वावर नाही आणि वहीही नाही. तिथे लेखकाशी त्याच्या लेखावर दहा मिनिटं बोलणं एवढंच मला जमलं आहे.

तुम्ही वर्गणी भरता, म्हणजे विचारायचा हक्क तुमचा आहे. लेबल लावणाऱ्या प्रकाशकाला एक ईमेल पाठवा: अमुक तारखेच्या अमुक लेखाचं लेबल कोणी तपासलं, काय बघून तपासलं, आणि यंत्र कुठे वापरलं? विषय निवडताना ज्यात आकडा, ठिकाण किंवा कोणाचं बोलणं आहे असा लेख निवडा. उत्तरात माणसाचं नाव आणि एखादी ठोस गोष्ट आली तर वर्गणी चालू ठेवा. ‘आमचे सर्व लेख माणसांनीच लिहिलेले असतात’ एवढंच आलं, तर तो हिरवा टॅग आहे असं समजा, आणि पुढच्या लेखासाठी पुन्हा विचारा.