रेफरलसाठी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या मेसेजचा ईमेल करताना

प्रश्न: कॉलेजच्या एका सीनियरना रेफरलसाठी व्हॉट्सॲप केलं, तर ते म्हणाले, "नीट ईमेल कर." त्यांना मी आयुष्यात एकदाच भेटलोय. मेसेज असा होता: "हाय सर 🙏 ओळखलंत का? गेल्या डिसेंबरच्या मेळाव्यात भेटलो होतो. तुम्ही म्हणाला होतात ना, टेस्ट पडली की आधी लॉग वाच, मी आता तेच करतो 😀 सर, सध्या जॉब बघतोय, ऑटोमेशनमध्ये 3 वर्षं झाली. तुमच्या कंपनीत काही असेल तर बघा ना प्लीज. रेझ्युमे पाठवू का?" याचा ईमेल कसा करू?

उत्तर:

पुण्यात एका प्रॉडक्ट कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते, त्यामुळे असे मेसेज माझ्याकडे दर आठवड्याला येतात. तुमच्या सरांनी ईमेल मागितला म्हणजे अर्धं काम झालंय. बहुतेक जण नुसतं निळं टिक देऊन गप्प बसतात.

तुमचा मेसेज वाईट नाहीये. तो गप्पांचा आहे, एवढंच. गप्पांमध्ये तुम्ही एक वाक्य टाकता, समोरचा विचारतो "कोणती पोस्ट?", तुम्ही सांगता, तो विचारतो "नोटीस किती?", असं पुढे सरकतं. ईमेलमध्ये ही देवाणघेवाण होत नाही. ज्याची तुमची फारशी ओळख नाही तो माणूस उलट प्रश्न विचारत बसणार नाही, तो मेल बाजूला ठेवेल आणि विसरेल. म्हणून त्याने जे विचारलं असतं त्याची उत्तरं आधीच मेलमध्ये असायला हवीत.

पण लोक करतात काय? मेसेजची भाषा तेवढी बदलतात. मग असं काहीतरी तयार होतं: "आदरणीय महोदय, आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपल्या नामांकित संस्थेत माझ्या कौशल्यांस अनुरूप संधी उपलब्ध असल्यास कृपया विचार व्हावा. मी मेहनती, प्रामाणिक व संघभावनेने काम करणारा उमेदवार आहे." यात तुमच्या मेसेजमधली एकमेव जिवंत गोष्ट, ती लॉगची, गायब झाली. "काही असेल तर बघा" मात्र तसंच राहिलं, फक्त भरजरी कपडे घालून. इंग्रजीतल्या "रिस्पेक्टेड सर" आणि "काइंडली डू द नीडफुल"चीही तीच गत.

सरांना नक्की काय करावं लागतं ते बघा, म्हणजे मेलमध्ये काय हवं ते आपोआप कळेल. ते कंपनीच्या रेफरल पोर्टलवर जाणार. तिथे जॉब आयडी, तुमचं नाव, ईमेल, मोबाइल टाकणार, रेझ्युमे अपलोड करणार. बऱ्याच पोर्टलवर पुढे एक प्रश्न असतो: या उमेदवाराला कसं ओळखता? खाली दोन-चार ओळी लिहायला एक चौकट. पहिला भाग पाच मिनिटांचा आहे. माणूस अडतो तो त्या प्रश्नापाशी.

मीही एकदा तिथेच फसले. अशाच एका अर्धवट ओळखीच्या मुलासाठी मी त्या चौकटीत "याचं काम मला चांगलं माहीत आहे" असं लिहून टाकलं. दोन दिवसांनी हायरिंग मॅनेजर कॅन्टीनमध्ये भेटला आणि विचारलं, "तू याच्याबरोबर कुठे काम केलंस?" मी चहाच्या कपाकडे बघत राहिले. त्यानंतर ठरवलं, जेवढं खरं आहे तेवढंच लिहायचं. तेव्हा एकदाच भेटलेल्या माणसाला लिहिताना तुम्हीच त्याला खरं लिहायची मोकळीक द्या. ती दिली की तो निम्मा सैल होतो.

लिहायला बसण्याआधी एक काम करा. "काही असेल तर बघा" याचा अर्थ होतो, माझी नोकरी तुम्हीच शोधा. कंपनीच्या करिअर साइटवर जा, तुम्हाला लागू पडेल अशी एक जागा निवडा, तिचा आयडी लिहून घ्या. अगदीच जवळच्या असतील तर दोन, त्याहून जास्त नाही. आणि अर्जाचं बटण दाबू नका! तुम्ही आधीच थेट अर्ज केला असेल तर पुष्कळ कंपन्यांच्या सिस्टिममध्ये तुमचं नाव आधीपासून दिसतं आणि नंतर दिलेलं रेफरल काही महिने धरलंच जात नाही. माझ्या एका धाकट्या सहकाऱ्याच्या भावाचं असंच झालं. त्याने उत्साहात आदल्या रात्री चार ठिकाणी अर्ज टाकले होते.

आता मेल. सर मराठी आहेत आणि तुम्ही मेळाव्यात मराठीतच बोलला असाल, म्हणून मराठीत देते. इंग्रजीत लिहिलात तरी क्रम हाच ठेवा.

> विषय: टेस्ट ऑटोमेशन इंजिनिअर, जॉब आयडी 48213, रेफरलची विनंती
>
> नमस्कार सर,
>
> गेल्या डिसेंबरमध्ये कॉलेजच्या मेळाव्यात आपण पाचेक मिनिटं बोललो होतो. मी 2022च्या बॅचचा. मधूनच पडणाऱ्या टेस्टबद्दल मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "आधी लॉग वाच, मग कोडला हात लाव." ती सवय अजून टिकून आहे.
>
> तुमच्या कंपनीच्या साइटवर वरची जागा दिसली. मी 3 वर्षं जावा आणि सेलेनियमवर ऑटोमेशन करतोय. आमचा रात्रीचा रिग्रेशन रन सहा तास चालायचा. एकमेकींवर अवलंबून असलेल्या टेस्ट सुट्या करून समांतर चालवल्यावर तो पावणेदोन तासांवर आला. जाहिरातीतलं एपीआय टेस्टिंग वर्षभर केलंय, परफॉर्मन्स टेस्टिंग केलेलं नाही.
>
> तुम्हाला योग्य वाटलं तर या जागेसाठी मला रेफर कराल का? तुम्ही माझं काम पाहिलेलं नाही, त्यामुळे "एकाच कॉलेजचे, एकदा भेट झाली आहे" एवढंच लिहिलंत तरी चालेल. मी अजून थेट अर्ज केलेला नाही. तुम्हाला जमणार नसेल तर तसं कळवा, मी साइटवरून अर्ज करेन.
>
> सध्या पुण्यातच आहे, नोटीस पिरियड 60 दिवस. रेझ्युमे सोबत जोडला आहे.
>
> आपला,
> (पूर्ण नाव, मोबाइल)

आकडे आणि आयडी मी माझ्या मनाने घातलेत, तुमचे घाला. पण तसा एक आकडा हवाच, आणि तो शोधायला वेळ लागतो. माझ्या टीममधल्या मुलांना मी विचारते, "तू आलास तेव्हा काय होतं आणि आता काय आहे?" पहिलं उत्तर हमखास "तसं काही विशेष नाही" असतं. मग कळतं की पूर्वी रिलीजच्या आदल्या रात्री तिघं जण हाताने तपासत बसायचे आणि आता एकच जण सकाळी येऊन रिपोर्ट बघतो. अहो, हेच तर लिहायचंय! "ऑटोमेशनमध्ये 3 वर्षं झाली" हे तुमच्यासारखे हजार जण लिहितात. "सहा तासांचं पावणेदोन" सरांना जसंच्या तसं उचलून त्या चौकटीत टाकता येतं. त्याच्या पुढे "कसं केलं" त्याची अर्धी ओळ ठेवा, नाहीतर आकडा फुगवलेला वाटतो. कंपनीचा क्लायंट कोण, त्यांची सिस्टिम कोणती, हे मात्र लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं, हा उद्या आमचंही असंच बाहेर सांगेल.

"परफॉर्मन्स टेस्टिंग केलेलं नाही" ही ओळ वाचून तुम्ही दचकला असाल. मी ती मुद्दाम ठेवली. जाहिरातीतल्या दहाच्या दहा गोष्टी येतात असं म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही, आणि ज्याला तुम्ही माहीतच नाही त्याला तुमच्या बाकीच्या ओळी खऱ्या आहेत हे कळायला ही एक ओळ पुरते. पण जे येत नाही ते जाहिरातीत मुख्य म्हणून मागितलं असेल तर ती जागाच सोडा, दुसरी बघा.

काही लोक सल्ला देतात की थेट मागू नका, आधी "तुमचं मार्गदर्शन हवंय, दहा मिनिटं बोलाल का" असं विचारा. मला हे पटत नाही. दहा मिनिटांनंतर रेफरलचा विषय निघणार हे दोघांनाही माहीत असतं. खरंच मार्गदर्शन हवं असेल तर ते मागा, रेफरल हवं असेल तर रेफरल मागा.

"सर" राहू द्या. आयटीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात हे खरं, पण तुम्ही कॉलेजचे ज्युनियर म्हणून मराठीत लिहिताय, तिथे नुसतं पहिलं नाव खटकतं. इंग्रजीत लिहिलं तर पहिलं नाव चालतं. "ओळखलंत का?" मात्र नक्की काढा. गप्पांमध्ये ते गोड वाटतं, पण मेलमध्ये ती समोरच्याची परीक्षा होते, आणि नाही ओळखलं तर तो ओशाळतो. कुठे भेटलो ते तुम्हीच सांगितलंत की प्रश्नच उरत नाही. हात जोडलेली इमोजीही इथे नको.

मेल तुमच्या वैयक्तिक पत्त्यावरून पाठवा, आत्ताच्या कंपनीच्या पत्त्यावरून चुकूनही नाही. कुठल्या पत्त्यावर पाठवायचा ते सरांनाच व्हॉट्सॲपवर एका ओळीत विचारा. त्यांच्या ऑफिसच्या पत्त्याचा नमुना ओळखून स्वतःच बनवू नका, समोरच्याला ते पाळत ठेवल्यासारखं वाटतं. रेझ्युमेच्या फाइलला तुमचं नाव द्या. माझ्या डाउनलोड्समध्ये आत्ता `Resume_final_new2.pdf` अशा धर्तीच्या नावांच्या तीन फाइल्स आहेत आणि त्यांपैकी कोणती कोणाची, हे उघडल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहा: जागा साइटवर अजून दिसते आहे, तुम्हाला वेळ झाला नसेल तर मी शुक्रवारी थेट अर्ज करेन. जागा खरंच दिसतेय का ते आधी बघा. त्यानंतर पुन्हा विचारू नका, सांगितल्याप्रमाणे अर्ज करून टाका. आणि सरांनी "केलं" म्हणून कळवलं तर लगेच स्पॅम फोल्डर उघडा. बऱ्याच पोर्टलवरून उमेदवाराला एक लिंक येते, ती सिस्टिमच्या पत्त्यावरून येत असल्यामुळे तिथे जाऊन पडते, आणि अर्ज त्या लिंकवरूनच पूर्ण करायचा असतो.