नावाचा पहिला अर्थ आधी संपवावा लागतो

प्रश्न: बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका घरावर कादंबरी लिहितोय, नाव ठेवलंय ‘उतारा’. बावीस प्रकरणांचा खर्डा झालाय. भाऊबंदकीत सापडत नसलेला जमिनीचा जुना मराठी उतारा शेवटी ट्रंकेत मिळतो आणि नातू म्हणतो, ‘हाच आपल्या दुखण्यावरचा उतारा.’ वाचलेल्या दोघातिघांना हा शेवट भिडला नाही. चांगल्या कादंबऱ्यांत शेवटच्या प्रकरणापर्यंत नावाचा अर्थ बदलून जातो, ते कसं साधतात?

उत्तर:

तुमच्या शेवटाची अडचण नातवाच्या वाक्यात आहे, पण वाक्य काढलंत तरी ती जाणार नाही. नावाचा पहिला अर्थ, म्हणजे जमिनीचा कागद, तुम्ही शेवटच्या पानापर्यंत जिवंत ठेवलाय. कागद मिळेल का, हा प्रश्न बाविसाव्या प्रकरणापर्यंत चालू असेल तर ‘उतारा’ म्हटल्यावर वाचकाला कागदच दिसणार. दुसऱ्या अर्थाला जागाच उरत नाही. पहिला अर्थ शेवटाच्या बऱ्याच आधी निकालात निघाला आणि शब्द मात्र मुखपृष्ठावर तसाच राहिला, तर वाचक नकळत त्या शब्दासाठी नवं काहीतरी शोधू लागतो.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते यू. आर. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’मध्ये (1965). बेळगावात ती कन्नडमधून वाचणारेही भेटतात, आणि हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच चालतो. सुरुवातीला त्याचा अर्थ एकच असतो: नारणप्पा मेलाय, त्याचा अंत्यसंस्कार कोण करणार? त्यानं अग्रहाराचे, म्हणजे त्या ब्राह्मणवस्तीचे, सगळे नियम मोडलेले, म्हणून कोणी पुढं येत नाही. त्याच्याबरोबर राहणारी चंद्री आपले दागिने खर्चाला काढून देते, तेव्हा त्या सोन्यापायी काहींचं मन पालटतं, पण निर्णय अडतो तो अडतोच. अग्रहारातले मोठे पंडित प्राणेशाचार्य पोथ्या चाळतात, मारुतीला कौल लावतात, उत्तर मिळत नाही. इथपर्यंत वाचकाच्या मनात नावाचा दुसरा अर्थ नाही.

मग साधारण मध्यावर चंद्री एका मुसलमान माणसाच्या मदतीनं रातोरात प्रेत जाळून टाकते आणि गाव सोडते. ज्या प्रश्नावर सगळं उभं होतं तो प्रश्नच उरत नाही. हे वाचकाला कळतं, प्राणेशाचार्यांना नाही. पुढं बायको गेल्यावर तिचं दहन करून ते वाट फुटेल तिकडं चालू लागतात, वाटेत पुट्ट नावाचा वाटसरू भेटतो, सुतकात असताना जत्रेतल्या देवळात ते पंगतीला बसतात. मुखपृष्ठावर ‘संस्कार’च आहे, पण आता तो कोणाचा? नारणप्पाचा तर झाला. शब्द आपसूक आचार्यांकडं सरकतो: आयुष्यभर अंगात मुरवलेलं, आणि आता एकेक करून गळून पडणारं. ही गोष्ट कोणत्याही पात्रानं बोलून दाखवावी लागत नाही.

त्या शब्दाला मुळात दोन-तीन अर्थ आहेत म्हणून हे जमलं, असं वाटत असेल तर ‘बनगरवाडी’ (1955) बघा. तिथं नाव म्हणजे निव्वळ गावाचं नाव, श्लेषाला जागाच नाही. पहिल्या पानांत ते मास्तरला पोचायचं ठिकाण असतं. नंतर शाळा भरते, तालीम उभी राहते, गाव मास्तरला आपला मानतं. आणि मग दुष्काळ पडतो, मेंढरं घेऊन लोक निघून जातात. नाव तेच राहतं, ज्यांच्यामुळं ते नाव होतं ती माणसं उरत नाहीत. म्हणजे शब्दाला दुसरा अर्थ असणं ही सोय आहे, अट नाही. शब्द ज्या वस्तूला चिकटलाय तिचं पुस्तकात काहीतरी झालं पाहिजे: ती संपावी, हरवावी किंवा निरुपयोगी ठरावी.

आता तुमचा खर्डा.

‘उतारा’ हे नाव चांगलं आहे, पण त्याला एक धोका आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं ‘उतारा काढून आण’ म्हटलं की जमिनीचाच कागद समजतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या तोंडी मात्र सातबारा असतो, त्याला नुसत्या ‘उतारा’नं आधी शाळेच्या पुस्तकातला परिच्छेद आठवेल. म्हणून पहिला अर्थ पहिल्या दहा पानांतच घट्ट बसवा, तोही समजावून न सांगता. तहसीलदार कचेरीत नातवाच्या हातात संगणकावरून छापलेला कन्नड उतारा येतो, तो वाचू शकतो, आजोबांना वाचता येत नाही. ते 1956च्या आधीच्या, हा भाग मुंबई राज्यात होता तेव्हाच्या, मराठी कागदाबद्दल विचारत राहतात. एवढा एक प्रसंग पुरे. अर्थही बसतो आणि कुठल्या घरात आलोय तेही कळतं. भाषेच्या वादावर इथं भाषण नको, दोन कागद समोरासमोर ठेवले की झालं.

दुसरा अर्थ तुम्ही ‘दुखण्यावरचा उतारा’ असा धरलाय. तो मला फिका वाटतो, कारण तो फक्त बोलण्यात आहे. हातानं करण्यासारखं त्यात काही नाही. त्याच शब्दात अजून एक अर्थ आहे, आणि तो तुमच्या गावात रोज दिसणारा आहे: आजारी माणसावरून दहीभात, लिंबू ओवाळून तिकटीवर नेऊन ठेवतात तो उतारा. ठेवणाऱ्यानं परत येताना मागं वळून बघायचं नसतं, हा त्यातला सगळ्यात कामाचा भाग.

हा अर्थ तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात पेरून ठेवा, पण त्या प्रसंगाचं काम दुसरंच असू द्या. समजा धाकट्या आजोबांच्या घराशी बोलणं बंद झालंय, आणि आजी तापानं फणफणलेल्या नातीवरून ओवाळते तेव्हा वाटेवर त्या घरातलं कोणीतरी दिसूनही तोंड फिरवतं. वाचकाचं लक्ष तोंड फिरवण्याकडं राहिलं पाहिजे. ताट, भात, तिकटी आणि मागं न बघण्याचा नियम एका वाक्यात येऊन जाऊ दे. पेरणी जितकी बारीक तितकी चांगली, पण ती असायलाच हवी. शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदा आलेला अर्थ वाचकाला सापडत नाही, लेखकानं काढून दाखवल्यासारखा वाटतो.

मग कागदाचा निकाल लावा. बावीस प्रकरणं असतील तर तेराव्या-चौदाव्यापर्यंत. ट्रंकेतला उतारा सापडू दे, पण त्यानं काही साधू नये. मला दोन मार्ग दिसतात. एक, कागद मिळतो पण तोवर वारसांनी आपापसात वाटणी करून जमीन विकलेली असते. दोन, कागदावरचं नाव बघून कळतं की आजोबा आयुष्यभर ज्या हक्कासाठी भांडले तो धाकट्या भावाचाच होता. दुसरा मला जास्त आवडतो, कारण त्यात कागद खोटा पडत नाही, खरा ठरूनच निरुपयोगी होतो. तुमच्या पात्रांना कोणता पेलवेल ते तुम्हीच ठरवा.

त्यानंतर सात-आठ प्रकरणं ‘उतारा’ हा शब्द अजिबात येऊ देऊ नका. हे बोलायला सोपं आहे, करायला अवघड. खर्ड्यात शब्द शोधून प्रत्येक जागी खूण करा. पहिल्या निम्म्यात तो पाच-सहा ठिकाणी असावा, तोही बहुतेक संवादात. तीस-चाळीस ठिकाणी असेल तर तो झिजलाय असं समजा आणि जिथं चालेल तिथं ‘कागद’ लिहा. दुसऱ्या निम्म्यात शक्यतो शून्य. प्रकरणाच्या शीर्षकात तर कुठंच नको.

शेवटचं प्रकरण मग असं काहीसं होईल. धाकट्या आजोबांच्या घरातलं पोर आजारी पडतं. आजी इतक्या वर्षांनी त्या उंबऱ्यावर जाते, ओवाळते आणि ताट नातवाच्या हातात देते. ‘ठेव नि सरळ ये. मागं वळू नकोस बघ.’ तिकटीकडची वाट वादातल्या शेतावरून जाते. तो ठेवतो आणि परत येतो. शेत पाठीमागं राहतं. नियम तिसऱ्या प्रकरणातच कळलेला असल्यानं तो का वळत नाही हे सांगायची गरज नाही, आणि शब्दही उच्चारायची गरज नाही. आजीनं ‘हा उतारा’ असं एकदा जरी म्हटलं तरी सगळं सपाट होईल. नातवाच्या मनात जमिनीचा विचार आणू नका. तो मोह होईल. आला तर ते वाक्य खोडा.

हे साधलं की नाही ते असं तपासा. कादंबरी न ऐकलेल्या दोन वाचकांना पहिली तीन-चार प्रकरणं द्या आणि ‘नाव असं का असेल?’ याचं उत्तर एका ओळीत लिहून घ्या. पूर्ण वाचल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारा, जुनं उत्तर न दाखवता. दोन्ही वेळा जमीन आली तर कागदाचा निकाल उशिरा लागलाय किंवा लागलाच नाही. पहिल्याच उत्तरात ओवाळणं आलं तर पेरणी फार ठळक झालीय. दुसऱ्या उत्तरात वाचक अडखळला, दोन गोष्टी एकदम सांगू लागला, तर काम जमलंय. एक वाचक सीमाभागातला आणि एक बाहेरचा घ्या, कारण इथल्या माणसाला उतारा ठेवण्याची रीत आधीच माहीत असते आणि त्याचं उत्तर तुम्हाला फसवू शकतं.

पुस्तक छापायला जाईल तेव्हा मलपृष्ठावरचा मजकूर स्वतः तपासा. तिथं हमखास कोणीतरी ‘जमिनीचा उतारा ते नात्यांवरचा उतारा’ असलं वाक्य लिहितं. मलपृष्ठावर फक्त भाऊबंदकी आणि हरवलेला कागद येऊ दे. मुखपृष्ठावरच्या चित्रातही लिंबू नको, तिथं कचेरीचा शिक्का असलेला जुना कागदच हवा.