बस डावीकडे वळताना उजवीकडे का सरकते?

प्रश्न: मी रोज नाशिकरोडहून द्वारका, मुंबई नाका करत अंबडला बाइकने कामावर जातो. ट्रॅफिक मुंगीच्या पावलाने सरकत असतं तेव्हा गाड्यांच्या मधून पुढे काढतो, स्पीड जास्त नसतोच. परवा पोलिसांनी थांबवून चलान केलं. सगळेच असं जातात, मग यात धोका नेमका काय आणि दंड कशाचा?

तुमचा स्पीड कमी असतो यावर माझा विश्वास आहे. तरीही धोका आहे, कारण शेजारची मोठी गाडी पुढच्या दोन सेकंदांत काय करणार हे त्या फटीतून तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही तिथे आहात हे तिच्या ड्रायव्हरला दिसत नाही. मी बरीच वर्षं बस चालवली, आता हेवी लायसन्ससाठी येणाऱ्या पोरांना शिकवतो. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगतो आणि केबिनमधून जे दिसतं, किंवा दिसत नाही, ते नीट सांगतो.

तुमच्याच रस्त्यावरचा प्रसंग घ्या. नाशिकरोडकडून द्वारकेला आलात, पुढे एक मोठी बस आहे आणि तिलाही तुमच्यासारखंच डावीकडे मुंबई नाक्याकडे जायचंय. ट्रॅफिक सरकतंय. वळणाच्या थोडं आधी बस किंचित उजवीकडे सरकते आणि तिच्या डाव्या अंगाला, फुटपाथच्या बाजूला, मस्त रिकामी जागा होते. मागून येणाऱ्याला वाटतं की ड्रायव्हरने साइड दिली, आणि तो आत घुसतो.

ड्रायव्हरने ती साइड दिलेली नसते. बारा मीटरच्या बसची पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून साधारण ६ मीटर लांब असतात. एवढी लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूने जातात. आमच्या भाषेत मागचं चाक कापतं. चौकातल्या नेहमीच्या वळणावर, म्हणजे पुढचं आतलं चाक साधारण १२ मीटर त्रिज्येच्या वाटेने फिरत असेल तर, मागचं चाक त्याच्यापेक्षा दीड मीटरच्या आसपास आत येतं. वळण याहून आखूड असेल तर आणखी आत. ते फुटपाथवर चढू नये, कोपऱ्यावर उभ्या माणसाच्या पायावर जाऊ नये, म्हणून ड्रायव्हर आधी उजवीकडे झोक घेतो आणि मग डावीकडे स्टेअरिंग तोडतो. तुम्हाला दिसलेली मोकळी जागा ही त्या मागच्या चाकाची जागा असते.

आता वेळेचा हिशोब बघा. बस ताशी ८ किलोमीटरने सरकतेय, तुम्ही ताशी २५ ने शेजारून निघालात. दोघांच्या वेगातला फरक ताशी १७, म्हणजे सेकंदाला पावणेपाच मीटर. बारा मीटरची बस पार करायला तुम्हाला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात बस स्वतः साडेपाच मीटर पुढे गेलेली असते आणि वळण सुरू झालेलं असेल तर मागचं चाक आत यायला तेवढं अंतर पुरतं. तुमच्या डावीकडे फुटपाथची कड, उजवीकडे बसचा पत्रा, आणि मधली जागा मागून पुढे मिटत येते. ब्रेक मारला तर मागच्या चाकाशेजारी थांबता, पुढे पळालात तर बसच्या तोंडाशी जाता. म्हणूनच या अपघातात स्पीड फार नसतो आणि तरी माणूस वाचत नाही.

ड्रायव्हरने आरशात बघायला नको का, असं तुम्ही म्हणाल. तो बघतो. पण आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे डावी बाजू, जिला आम्ही क्लीनर साइड म्हणतो, ती त्याच्यापासून दोन मीटरच्या आसपास लांब पडते. डावा आरसा बसच्या अंगालगतची एक चिंचोळी पट्टी दाखवतो आणि त्यात मागची बाइक आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते. पुढच्या दारापाशी आलेला बाइकवाला तर बऱ्याचदा खिडकीच्या कडेखाली जातो, त्याचं हेल्मेटसुद्धा दिसत नाही. वळताना ड्रायव्हरला आधी उजवा आरसा बघावा लागतो, मग समोर रस्ता ओलांडणारी माणसं, मग डावा आरसा. डाव्या आरशात त्याने बघितलं तेव्हा तुम्ही मागे होतात आणि नजर समोर गेली तेवढ्यात शेजारी आलात, असं सहज होतं. नव्या पोराला मी आधी बाहेर एक बाइक उभी करून सीटवर बसवतो आणि विचारतो, बाइक कुठे आहे सांग. दाराजवळ लावलेली बाइक पहिल्या खेपेला क्वचितच कुणाला सापडते.

दोन गाड्यांच्या मधल्या फटीचंही तसंच आहे. आखलेली लेन साधारण साडेतीन मीटरची धरा. दोन कार आपापल्या लेनच्या मधोमध असतील तर मध्ये पावणेदोन मीटर उरतात आणि बाइकचं हँडल ७५ ते ८० सेंटीमीटर रुंद असतं. बरंच वाटतं. पण बस किंवा ट्रक अडीच मीटर रुंद असतो. दोन मोठ्या गाड्या शेजारी आल्या की मध्ये एक मीटर उरतो आणि दोन्हीकडून आरसे पाव-पाव मीटर बाहेर आलेले असले तर त्या उंचीला जागा अर्ध्या मीटरवर येते. हँडल आरशाला किंवा पत्र्याला अडकलं तर ते त्या बाजूला झटक्यात वळतं आणि तुमचा तोल उलट बाजूला जातो. मधल्या फटीत उलट बाजूलाही चाकंच असतात.

आणि हे गणित लेन पाळल्या तरचं. द्वारका, मुंबई नाका या पट्ट्यात रिक्षा, छोटा हत्ती, कांद्याचा ट्रॅक्टर कुठूनही कसाही तोंड घालतो. शेजारच्या रांगेत एखाद्या कारपुढे जागा मोकळी झाली की तुमच्या रांगेतली कार तिकडे वळणार हे धरून चालायचं. इंडिकेटरची वाट बघू नका, पुढच्या चाकाकडे बघा. पत्रा हलायच्या आधी चाक वळतं. थांबलेल्या ट्रकखालून किंवा बसखालून फुस्स असा हवेचा आवाज आला तर ब्रेक सुटलाय, गाडी आता निघणार असंच धरा. रिक्षाच्या डावीकडून तर जाऊच नका, माणसं तिथूनच पटकन पाय खाली टाकतात.

यातून वाचतं किती, तेही सांगतो. सिग्नल हिरवा झाल्यावर एका रांगेतली गाडी साधारण दोन सेकंदांना एक या वेगाने सुटते. म्हणजे आठव्या नंबरवर थांबलात तर पहिल्यापेक्षा चौदा-पंधरा सेकंद उशिरा निघता. गर्दी एवढी असेल की तुमचा नंबर पहिल्या हिरव्यात लागणारच नाही, तेव्हा मात्र खरंच एक पूर्ण सिग्नल वाचतो, हे मी नाकारत नाही. पण बहुतेक वेळा माणूस पंधरा सेकंदांसाठीच बसच्या बगलेत शिरतो.

आता दंडाचं. काही देशांत थांबलेल्या गाड्यांच्या मधून बाइक पुढे नेण्याला कायद्याने अटींवर परवानगी आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात २०१४ पासून ती आहे, तीही ताशी ३० किलोमीटरच्या आत. आपल्या मोटार वाहन कायद्यात अशी वेगळी सवलत नाही. आपल्याकडे नियम असा की ओव्हरटेक उजवीकडून करायचा, डावीकडून फक्त ठरावीक वेळी, जसं पुढच्याने उजवीकडे वळायचा इशारा दिलेला असताना. लेन बदलायची तर इशारा देऊन. फटीतून नागमोडी जाताना या दोन्ही गोष्टी मोडतात. ड्रायव्हिंगचे हे नियम मोडल्याबद्दल कलम १७७अ खाली ५०० ते १,००० रुपये दंड आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलमात, कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणं स्पष्ट लिहिलंय. तिथे पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. फटीतून पुढे येऊन झेब्रा क्रॉसिंगवर थांबलात तर स्टॉप लाइनचं वेगळं.

सगळेच जातात हे खरं, पण तो बचाव होत नाही. आणखी एक गोष्ट लोक विचारात घेत नाहीत. उद्या अपघात झाला आणि नुकसानभरपाईचा दावा न्यायाधिकरणात गेला, तर चूक कोणाची किती हे बघितलं जातं. तुम्ही बसच्या डावीकडून घुसला होता असं दिसलं तर तुमच्या वाट्याची चूक धरून रक्कम तेवढी कमी होते. जखमी माणसाच्या घरच्यांना ते फार महाग पडतं.

मग करायचं काय? मोठ्या गाडीच्या शेजारी कधीच नाही, थांबलेली असली तरी नाही. तिच्या मागे चार-पाच मीटर सोडून अशा जागी थांबा, जिथून तिच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल. चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. वळणाआधी ती उजवीकडे सरकली तर थांबूनच राहा, तिचं मागचं चाक कोपरा पार करेपर्यंत. पुढे अंबडच्या बाजूला कंपन्यांचे कंटेनर लागतात. ते बसहून लांब, त्यांचं मागचं चाक आणखी आत कापतं, तिथे अंतर दुप्पट ठेवा.

चलानचं म्हणाल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाका. कोणतं कलम लावलंय ते तिथे कळेल. १७७अ असेल तर भरून मोकळे व्हा. १८४ असेल तर आधी एखाद्या वकिलाला दाखवा, कारण तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच कलम लागलं तर दंड १०,००० पर्यंत आणि कैद दोन वर्षांपर्यंत जाते.