दोन ट्रान्सफॉर्मरवर टू-फेज: स्कॉट जोडणी

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत जुनी टू-फेज भट्टी घेतलीय. 415 व्होल्ट थ्री-फेजवरून दोन सिंगल-फेज ट्रान्सफॉर्मर लावून चालेल का?

उत्तर: चालेल, पण टॅप बरोबर हवेत. मुख्य ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी वाय आणि बी या फेजमध्ये जोडा. तिला बरोबर मध्यावर टॅप हवा. दुसऱ्याला टीझर म्हणतात. त्याच्या प्रायमरीचं एक टोक आर फेजला आणि 86.6 टक्के वेढ्यांवरचा टॅप मुख्यच्या मध्याला. आर ते मध्य इथे 359 व्होल्टच मिळतात, तेही 90 अंश सरकलेले. म्हणून वेढे त्याच प्रमाणात कमी करायचे, म्हणजे दोन्ही सेकंडरींना सारखे व्होल्ट येतात.

गडबड नेमकी इथेच होते. वायरमन टीझरची पूर्ण प्रायमरी जोडून मोकळा होतो. भट्टी जोडण्याआधी दोन्ही सेकंडरींचं एकेक टोक एकत्र करून उरलेल्या टोकांमध्ये मीटर लावा. प्रत्येकी 100 व्होल्टची सेकंडरी असेल तर 141 दिसायला हवेत. 132 च्या आसपास दिसले तर टॅप चुकलाय. टीझरवर 87 च येत असतील.

आणि दोन्ही फेजवर भार सारखा ठेवा. एकाच बाजूचे एलिमेंट चालू असतील तर थ्री-फेजकडचे करंट असमान होणारच.